गुरुजी गेले, मॅडमना काय लिहू?

*मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागात आहे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडमच्या वडिलांचे गुरुवारी गडहिंग्लजला निधन झाले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते आणि वर्षभर पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते. मॅडम आणि मी सहा वर्षे शेजारी काम करतो, पण घरी जाणे-येणे नाही. गुरुजींना (सगळे त्यांना गुरुजीच म्हणत) मी एकदाच भेटलो. ते ऑफिसात आले होते, तेव्हा माझ्या टेबलावरचे व्हाउचर उचलून ‘अक्षर राखलंय की तुम्ही’ म्हणाले होते. मी ऑडिटसाठी पुण्यात असल्यामुळे अंत्यविधीला आणि रक्षाविसर्जनाला पोहोचू शकलो नाही. ग्रुपवर सगळ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकले. मी काहीच टाकले नाही. आता स्वतंत्र संदेश लिहिला आहे, पण वाचताना मलाच अवघडल्यासारखे होते आणि कापायला घेतला की परिपत्रकासारखा कोरडा होतो. मसुदा असा:*

*‘मॅडम, बाबांच्या निधनाची बातमी ऐकून मोठा धक्का बसला. काय बोलावे, शब्दच सुचत नाहीत. तुमच्या मनाची अवस्था मी पूर्णपणे समजू शकतो, कारण २०१९ मध्ये माझे वडील गेले तेव्हा मीही यातूनच गेलो आहे, सहा महिने मला नीट झोप नव्हती. पण त्रासातून सुटले असे समजा. तुम्ही खचून जाऊ नका, आता आईला तुम्हीच सांभाळायचे आहे. काहीही लागले तर निःसंकोच सांगा. कामाची काळजी करू नका, फक्त त्या दोन पार्ट्यांच्या फरकाचे जमेल तेव्हा कळवा. बाबांच्या आत्म्यास सद्गती लाभो. भावपूर्ण श्रद्धांजली.’*

*यात नेमके काय खटकते आहे?*

*— एक वाचक, कोल्हापूर*

---

आपल्या पत्रातले सर्वांत चांगले वाक्य आपण मला लिहिले आणि मॅडमना लिहायचे राहून गेले. गुरुजींनी व्हाउचर हातात घेतले आणि अक्षराला दाद दिली, ही गोष्ट त्या ऑफिसात फक्त आपल्याकडे आहे. मसुद्यातली बाकीची सगळी वाक्ये ग्रुपवरचा कोणीही, कोणाच्याही वडिलांविषयी लिहू शकला असता. मजकूर लांब असूनही हाताला काही लागत नाही आणि कापला की कोरडा होतो, याचे कारण एवढेच आहे. कोरडेपणा कमी शब्दांमुळे येत नाही. संदेशातले नाव बदलून तो दुसऱ्या कोणालाही पाठवता येत असेल, तर तो पानभर असला तरी कोरडाच राहतो.

मसुद्याकडे वळण्यापूर्वी आपल्या भागातली एक रीत डोळ्यांसमोर आणावी, असे सुचवतो. पंचगंगा स्मशानभूमीत रक्षाविसर्जनाला सकाळी जी माणसे येतात, त्यांतली बहुतेक माणसे काही बोलत नाहीत. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेच्या शेवटच्या ओळीत वार आणि वेळ वाचून ती येतात, कडेला उभी राहतात, घरच्यांची नजर एकदा पडली की त्यांचे काम झालेले असते. नंतर घरी भेटायला जाणारेही सतरंजीवर थोडा वेळ बसतात, कोणी विषय काढला तर दोन शब्द बोलतात आणि ‘येतो’ न म्हणता उठतात. गेलेल्या माणसाविषयी काही सांगायचे असेल तर ते सांगावे, यजमानाकडून काही मागू नये, आपले दुःख तिथे उघडून बसू नये आणि वेळेत उठावे, हे सगळे त्या रीतीत न सांगता आलेले आहे. आपल्याला तिथे जाता आले नाही, म्हणून आपण लिहीत आहात. तेव्हा संदेशानेही तेवढेच करावे: दिसावे, थोडे बसावे आणि उठावे. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न विचारू, की हे वाक्य त्या सतरंजीवर बसून मोठ्याने म्हणता आले असते का.

‘मोठा धक्का बसला’ हे म्हणता आले नसते. गुरुजी वर्षभर अंथरुणाला खिळून होते, मॅडम त्या वर्षात किती वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकून गडहिंग्लजची एसटी धरत होत्या हे आपण शेजारी बसून पाहिले आहे, आणि आपण ते पाहिले आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. अशा वेळी धक्क्याची भाषा ऐकणाऱ्याला असे वाटू शकते, की समोरच्याचे या वर्षभरात आपल्याकडे लक्षच नव्हते. अपघात किंवा अचानक आलेला हृदयविकाराचा झटका असता तर तेच वाक्य खरे ठरले असते. ‘फार वाईट वाटले’ हे साधे वाक्य दोन्ही प्रसंगी खरे राहते. ‘शब्दच सुचत नाहीत’ हे मात्र कुठल्याच प्रसंगी ठेवू नये, कारण त्याच्या पाठोपाठ आपल्याला चांगले साठेक शब्द सुचलेले असतात.

आपल्या वडिलांविषयीचे वाक्य काढून टाकणे आपल्याला सर्वांत जड जाईल, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपला हेतू सोबतीचा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या क्षणी मॅडम ‘सहा महिने मला नीट झोप नव्हती’ हे वाचतील, त्या क्षणी संदेशाचा तोल आपल्याकडे झुकेल आणि चार दिवसांपूर्वी वडील गेलेल्या मुलीला आपली विचारपूस करावी लागेल. शिवाय ‘पूर्णपणे समजू शकतो’ हा दावाही टिकणारा नाही. आपले वडील कसे गेले मला माहीत नाही, पण वर्षभर वडिलांचे आजारपण काढलेल्या मुलीच्या मनात दुःखाबरोबर दमणूक असते, थोडी सुटका असते, त्या सुटकेची लाज असते, आणि भावंडांत कोणी किती केले याचा हिशेबही असू शकतो. ते सगळे बाहेरच्या माणसाला समजत नाही आणि समजावे अशी त्यांची अपेक्षाही नसेल. आपला अनुभव वाया जाणार नाही. पुढे कधी मॅडमनी स्वतःहून विचारले, की तुम्हाला कामावर लक्ष लागायला किती दिवस गेले होते, तर त्या वेळी तो सांगावा. विचारल्यावर सांगितलेला अनुभव उपयोगी पडतो, न विचारता सांगितलेला ऐकून घ्यावा लागतो.

‘त्रासातून सुटले असे समजा’ या वाक्याच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. हे वाक्य म्हणण्याचा अधिकार फक्त घरच्यांचा आहे. ज्यांनी कूस बदलली, अंथरूण बदलले, रात्री उठून पाणी पाजले, त्यांनी ते म्हणावे आणि आपण मान हलवावी. त्यांनी म्हणण्याच्या आधी आपण म्हटले, तर त्यात ‘आता एवढे रडण्यासारखे काय आहे’ असा सूर ऐकू येतो. वयाबद्दल, भाग्याबद्दल, नातवंडे पाहून गेले याबद्दल जी वाक्ये आपल्याकडे सर्रास म्हटली जातात, त्यांचेही तेच आहे.

पुढच्या दोन सूचना, खचू नका आणि आईला सांभाळा, या वडीलधाऱ्या नातेवाइकाने डोक्यावर हात ठेवून द्यायच्या असतात. एका सहकाऱ्याने दुसऱ्याला त्या लेखी देणे म्हणजे दुःख कसे करावे याचा आदेश काढण्यासारखे होते. आईचे काय करायचे, ती गडहिंग्लजच्या घरात राहणार की मुलांकडे येणार, हा त्या घरात याच आठवड्यात पेटलेला प्रश्न असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरून आलेल्या एका ओळीने त्यावर बोट ठेवायला नको.

‘काहीही लागले तर सांगा’ हे वाईट वाक्य नाही, फक्त रिकामे आहे. काय लागेल हे ठरवण्याचे आणि मग मागण्याचे काम ते समोरच्यावरच टाकते, आणि मॅडम आपल्याकडे काही मागणार नाहीत हे आपल्यालाही माहीत आहे. आपल्या हातात जे आहे ते करून टाकावे आणि झाले एवढे कळवावे. आपण दोघे एकाच विभागात आहात, म्हणजे आपल्या हातात पुष्कळ आहे. महिन्याच्या ११ तारखेचे जीएसटीचे रिटर्न मॅडमच पाहत असतील, तर त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात ते टोचत असणार, कारण अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा माणसाला तारखा आठवतात. ‘११ तारखेचे रिटर्न मी साहेबांबरोबर बसून पाहून घेतो’ असे लिहिले तर ते टोचणे थांबते. अट एकच: आधी साहेबांशी बोलावे, मग लिहावे. न झालेल्या कामाचे आश्वासन देऊन दहा तारखेला फोन करण्याची वेळ आली, तर न लिहिलेले बरे.

याच्याच पुढे आपण ते दोन पार्ट्यांच्या फरकाचे लिहिले आहे. मला वाटते, मसुदा वाचताना आपल्याला जे अवघडल्यासारखे झाले त्याचे मूळ इथे आहे. ‘कामाची काळजी करू नका, फक्त’ यातल्या ‘फक्त’पाशी सांत्वन संपते आणि तगादा सुरू होतो. मॅडमच्या दृष्टीने संपूर्ण संदेश मग त्या फरकासाठीच लिहिला होता, असे होऊन बसते. तो फरक त्या पार्ट्यांकडून खातेउतारे मागवून आपल्यालाच शोधता येईल. तसे जमत नसेल तर साहेबांना सांगून ती दोन खाती पुढच्या महिन्यावर ढकलावीत. अगदीच अडले, तर निराळ्या दिवशी, निराळ्या माणसाने, फोनवर एका वाक्यात विचारावे. सांत्वनाच्या संदेशात ते कोणत्याही रूपात येता कामा नये.

आत्म्याच्या सद्गतीविषयी आपण थांबून विचार केला असेल असे वाटत नाही. ते वाक्य हाताला सवयीने येते. कोल्हापूर भागात एकाच ऑफिसात जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती आणि सत्यशोधकी वळणाची घरे असतात, आणि मरणानंतर काय होते याविषयी प्रत्येकाची भाषा निराळी असते. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात. सत्यशोधकी घरात भटजीशिवाय विधी होतो आणि आत्म्याच्या गतीचा विषय त्यांना रुचेलच असे नाही. गुरुजींचे घर कोणत्या वळणाचे होते हे आपल्याला नक्की माहीत असेल, तर त्या घरात जे म्हणतात ते म्हणावे. माहीत नसेल तर परलोकाविषयी काहीच लिहू नये. गुरुजी इथे कसे होते, एवढे लिहिले तरी पुरते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही गेलेल्या माणसाला वाहायची असते. फलकावर किंवा शोकसभेत ती शोभते, पण आपण गुरुजींना लिहीत नाही, त्यांच्या मुलीला लिहीत आहोत.

एक बारीक गोष्ट आणखी. आपण मसुद्यात गुरुजींना दोनदा ‘बाबा’ म्हटले आहे. मॅडम त्यांना बाबा म्हणत होत्या का? आपल्याकडे वडिलांना आण्णा, आप्पा, तात्या, दादा असे काहीही म्हणतात, आणि ती हाक घरातली असते. आपण बाहेरून दुसरीच हाक वापरली तर वाचणाऱ्याला क्षणभर परके वाटते, आणि नेमकी त्यांचीच हाक वापरली तर न दिलेली जवळीक घेतल्यासारखे होते. ‘तुमचे वडील’ हे नेहमी सुरक्षित आहे. आपल्या बाबतीत त्याहून चांगले म्हणजे ‘गुरुजी’, कारण सगळे गाव त्यांना तेच म्हणत होते आणि आपणही.

आता या प्रसंगातली एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण संदेशाच्या वेळेशी आणि वजनाशी तिचा संबंध आहे. जुन्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या आईवडिलांचे सुतक तीन दिवसांचे मानतात. दहा दिवसांचे सुतक मुलग्यांना. त्यामुळे लेक चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर दिसू लागली, की ऑफिसलाही वाटते, हिचे आटोपले. वेगळी शोकरजा अनेक ठिकाणी नसते, किरकोळ रजा आजारपणातच संपलेली असते, आणि मग ती मुलगी रोज ऑफिस करून दहाव्याला आणि बाराव्याला पुन्हा माहेरी धावत असते. भेटायला येणारी माणसेही भावाकडे जातात. भावाच्या दारात चपलांचा ढीग असतो आणि हिच्या कोल्हापुरातल्या घरी कोणी येत नाही, कारण ‘कार्य तिकडे आहे’. हे सगळ्या घरांत असेच असते असे मी म्हणत नाही, पण इतक्या घरांत असते, की मॅडमना थेट त्यांच्याच नावाने आलेला संदेश कदाचित मोजकाच असेल. म्हणून ‘उशीर झाला, आता काय लिहू’ असा विचार करू नये. पहिल्या दिवशी आलेले चाळीस संदेश एकदम येतात आणि एकदम विसरले जातात. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी आलेला शांतपणे वाचला जातो. उशिराबद्दल क्षमा मागण्यात मात्र एक ओळही घालवू नये. पुण्यात होतो, हे सांगायचे असेल तर अर्ध्या वाक्यात सांगावे.

एवढे सगळे गाळल्यावर जे उरते, ते मी असे लिहिले असते:

> मॅडम,
>
> गुरुजी गेल्याचे कळले. फार वाईट वाटले. मी पुण्यात असल्यामुळे येऊ शकलो नाही.
>
> मी त्यांना एकदाच भेटलो. आपल्या ऑफिसात आले होते, तेव्हा माझ्या टेबलावरचे व्हाउचर उचलून त्यांनी निरखून पाहिले आणि ‘अक्षर राखलंय की तुम्ही’ म्हणाले. शाळा सोडल्यापासून माझ्या अक्षराबद्दल कोणी काही बोलले नव्हते.
>
> ११ तारखेचे रिटर्न मी साहेबांबरोबर पाहून घेतो आहे. या संदेशाला उत्तर देण्याची गरज नाही.

खाली आपले नाव, आणि काहीही नाही.

यात गुरुजींचे वाक्य मी मुद्दाम त्यांच्या तोंडचे ठेवले आहे. ते ‘आपण हस्ताक्षर चांगले जपले आहे’ असे शुद्ध करून लिहिले असते, तर ते कोणत्याही शिक्षकाचे झाले असते. ‘राखलंय की’ या दोन शब्दांत मॅडमना वडिलांचा आवाज ऐकू येईल. त्या पुढचे वाक्य, शाळा सोडल्यापासूनचे, आपल्या बाबतीत खरे आहे की नाही हे आपण पाहावे. खरे नसेल तर काढावे आणि त्या जागी दुसरे गोड वाक्य घडवू नये, कारण आठवण म्हातारी झालेली असली तरी चालते, सजवलेली चालत नाही. गुरुजी ‘आदर्श शिक्षक’ होते, त्यांनी पिढ्या घडवल्या, असेही लिहू नये. ते शोकसभेत त्यांचे विद्यार्थी सांगतील. आपण पाहिले ते एका व्हाउचरएवढे आहे, आणि तेवढेच सांगितल्यामुळे ते विश्वासाचे वाटते.

कामाची ओळ आठवणीच्या नंतर आली आहे आणि तिच्यात विचारणा नाही, हे लक्षात ठेवावे. आधी घातली असती तर संदेश ऑफिसकडून आल्यासारखा वाटला असता. ‘उत्तर देण्याची गरज नाही’ हे शेवटचे वाक्य काही जणांना तुटक वाटते. मला ते वाटत नाही. सतरंजीवरून ‘येतो’ न म्हणता उठणे लेखी असेच दिसते. ‘काळजी घ्या’, ‘लवकरच भेटू’, ‘आपला विश्वासू’ यांतले काही जोडण्याचा मोह होईल. होऊ द्यावा आणि आवरावा. आपल्याकडे पूर्वी मरणाच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत आणि कार्डाचा कोपरा फाडलेला असे. नेहमीचे मायने आणि समारोप त्या पत्राला लागू नसत, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणत. ऑफिसच्या मेलखाली आपोआप उमटणारी सही, कंपनीचे बोधचिन्ह आणि त्यासोबतची घोषणा ही आजची तशीच अडचण आहे. मेल पाठवणार असाल तर ती काढून पाठवावी. मी मात्र मेल न पाठवता व्हॉट्सअॅपच वापरले असते, कारण मेल उघडला की त्याच्यासोबत सगळे ऑफिस उघडते.

व्हॉट्सअॅपवर लिहिताना मजकूर आधी दुसरीकडे, फोनच्या नोंदवहीत वगैरे, पूर्ण करावा आणि मग चिकटवावा. तिथल्या तिथे लिहीत बसलात आणि मॅडमनी नेमका तेव्हा फोन उघडला, तर वर ‘टायपिंग’ दिसत राहते आणि काहीतरी मोठे येते आहे म्हणून त्या थांबतात. पाठवून घाईने खोडला तर ‘मेसेज डिलीट केला’ अशी खूण मागे राहते, आणि त्या दिवसांत माणसाला तिचा नको तो अर्थ लागतो. देवनागरीत लिहावे, एरवी आपण एकमेकांना रोमन लिपीत लिहीत असलात तरी. बोलून टाइप करत असाल तर पाठवण्यापूर्वी नावे आणि क्रियापदे पुन्हा वाचावीत. जोडलेले हात, मेणबत्ती, फूल यांतले काही नको. जोडलेले हात आपण सकाळच्या सुविचाराला, पगार झाल्याच्या बातमीला आणि मरणाला सारखेच वापरू लागलो आहोत. सकाळी विधी आणि पाहुणे यांची गर्दी असते, म्हणून दुपारी जेवणानंतर किंवा संध्याकाळी पाठवावा. फोन करण्याचा विचार असेल तर करू नये, असे माझे मत आहे. सहा वर्षांत कधी घरी न गेलेल्या सहकाऱ्याच्या फोनवर काय बोलावे हा प्रश्न दोन्ही टोकांना पडतो.

ग्रुपवर आपण काही टाकले नाही, याची रुखरुख सोडून द्यावी. तिथे हजेरी लागते, भेट होत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच ठिकाणी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. आता उशिरा तिथे काही टाकू नये; चाललेला विषय उगाच मागे ओढला जातो.

मॅडमच्या जागी आपले साहेब असते, तर मी कामाची ओळ गाळली असती, कारण वरिष्ठाला ‘मी पाहून घेतो’ सांगण्यात नकळत शाबासकी मागितली जाते. कनिष्ठ सहकारी असता तर उलट रजेची ओळ पहिली घातली असती आणि ‘रजेचे मी बोललो आहे, बारावा होईपर्यंत येण्याची घाई करू नका’ एवढे स्पष्ट लिहिले असते, कारण कनिष्ठाला खरी भीती त्याचीच असते. मरणाचे कारण विचारायचे नाही, हे तिन्ही ठिकाणी सारखे. आणि वडिलांशी त्यांचे पटत नव्हते अशी कुणकुण असेल, तर आठवण वगैरे काही न लिहिता पहिल्या दोन वाक्यांवर थांबावे.

मॅडम कामावर येतील त्या सकाळी काय करायचे, हेही ठरवून ठेवावे, नाहीतर चांगला संदेश पाठवूनही तिथे गडबड होते. त्यांच्या टेबलाभोवती सगळे एकदम जमतील आणि तेच तेच प्रश्न विचारतील: किती दिवस आजारी होते, शेवटी कोण जवळ होते. आपण त्या घोळक्यात जाऊ नये. आपण शेजारीच आहात. गर्दी ओसरली की ‘आलात? बरं झालं’ एवढे म्हणावे आणि रिटर्नचे कागद कुठे ठेवले आहेत ते दाखवावे. त्यांच्या टेबलावरचे बॉक्स फाइल, पेन, पंच जिथे होते तिथेच असू द्यावे. त्या दिवशी त्या काम करता करता थांबल्या, खिडकीकडे पाहत बसल्या, तर ‘काय झाले’ विचारू नये. गुरुजींचा विषय त्यांनी काढला तर ऐकावे. नाही काढला तर आपण संदेशातली गोष्ट तोंडी पुन्हा सांगायची नाही.

आपल्या संदेशाला गरज नसतानाही उत्तर येईल, बहुधा ‘आभारी आहे’ एवढेच. त्याला पुन्हा उत्तर देऊ नये. आणि त्या दोन पार्ट्यांना खातेउताऱ्यासाठी आजच मेल करून ठेवावा.